दाखल तारीख

माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. पुढे जे झालं त्यात या गर्वाचाही हात होता, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी चोवीस वर्षांची, कराडकडची, आणि संगमेश्वर तालुक्यातल्या वीस अंगणवाड्यांवर मुख्यसेविका म्हणून नेमलेली. मुख्यसेविका हे नाव भारदस्त असलं, तरी काम होतं वणवण हिंडण्याचं. सकाळची एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडून दोन डोंगर चढायचे, तिथली सेविका मुलांची वजनं नीट घेते का, पूरक आहाराची सुकडी नीट वाटते का ते बघायचं, सही करायची आणि संध्याकाळी परत. जूनमध्ये हजर झाले तेव्हापासून माझी छत्री कधी वाळलीच नाही.

देवरुखात एका घराच्या मागच्या अंगाला मला खोली मिळाली होती. घरमालकीण भली बाई, पण माझ्याशी बोलताना पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. भाजीवाली मला 'घाटावरची बाई' म्हणायची, कचेरीतले कारकून 'नवीन मॅडम'. माझं 'व्हय' आणि 'न्हाई' ऐकून पोरं खिदळायची. आई आदल्या वर्षी गेली होती. ती असताना दर पंधरा दिवसांनी एक आंतरदेशीय पत्र यायचं, त्यात कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, हे सगळं असायचं. भावाला पत्राची सवय नव्हती. पोस्टमन गल्लीतून जायचा तेव्हा मी उगाच दारात उभी राहायची, आणि तो नजर चुकवून पुढे जायचा. बिचाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

एकटेपणावर मी कामाचा उतारा शोधला. संध्याकाळी खोलीत बसून तक्ते उतरवायचे, रेघा मारायच्या. माझ्या वह्या बघून आमचे अधिकारी म्हणायचे, "छापल्यासारखं आहे हो." तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडा काढायची.

ऑक्टोबरात वाढीचे नवे तक्ते आले. प्रत्येक मुलाला एक जाड कागद. आडवं मोजत जायचं ते वय, महिन्यामहिन्यानं. उभं मोजायचं ते वजन. त्यावर छापलेल्या वाकड्या रेघा होत्या आणि रेघांच्या मधले पट्टे म्हणजे श्रेण्या. त्या वयाला अपेक्षित वजनाच्या ऐंशी टक्क्यांवर मूल असेल तर ठीक. त्याखाली पहिली श्रेणी, सत्तरच्या खाली दुसरी, साठच्या खाली तिसरी, पन्नासच्या खाली चौथी. तिसरी-चौथी आली की मुलाला दुप्पट सुकडी आणि डॉक्टरांकडे चिठ्ठी. पहिली-दुसरीवाल्यांना नेहमीचाच खाऊ आणि आईला चार शब्द. म्हणजे एका टिंबावर सगळं ठरायचं, आणि ते टिंब कुठे पडणार हे वजनाइतकंच वयावर अवलंबून होतं.

सेविकांकडच्या जुन्या नोंदवहीत जन्मतारखेच्या रकान्यात खूप ठिकाणी काहीच नव्हतं. नुसतं 'माहेरी' असं लिहिलेलं. कारण उघड होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि मूल चार-पाच महिन्यांचं झालं की सासरी परत येते. जन्माची नोंद तिकडे, मूल इकडे. आमच्या वहीत त्या मुलाचं नाव चढायचं ते ते सासरी आलं त्या दिवशी, 'दाखल तारीख' म्हणून.

तक्त्यावर मात्र जन्ममहिना पहिल्याच चौकटीत लिहायचा होता. तो नसेल तर पुढचं काहीच भरता येत नव्हतं. आणि रिकामी चौकट असलेला कागद परत येईल, असा धाक होता.

एका वाडीवरची सेविका वयानं मोठी, सातवी शिकलेली, दोन लेकी उजवलेली. ती मला म्हणाली, "बाई, ही पोरं म्हायेरी झालेली. यांचा म्हयना आमाला ठाव नाय. रिकामं ठेवू काय?"

"रिकामं अजिबात ठेवायचं नाही," मी म्हटलं. "तारीख नसेल तिथे दाखल तारीख घाला."

"पण यातली एक पोर हितं आली तवा बसाय लागलेली व्हती..."

"तुम्ही घाला. जबाबदारी माझी."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि घातली. मग मी हाच हुकूम उरलेल्या एकोणीस अंगणवाड्यांत दिला. स्वतः बसून निम्मे तक्ते उतरवले. एकही चौकट रिकामी नाही. अधिकारी खूश. पुढच्या महिन्याच्या अहवालात तिसऱ्या श्रेणीतली नावं कमी झाली होती, तर त्यांनी बैठकीत माझं कौतुकही केलं. मी खोलीवर येऊन स्वतःपुरता शिरा केला, आणि तो खाताना शेजारी कुणी नाही म्हणून डोळ्यांतून पाणी आलं.

आता एका बाईबद्दल.

त्याच सेविकेच्या वाडीवर एक तरुण बाई होती. माहेर दाभोळकडचं, खाडीच्या तोंडावरचं. सासर इथे आत डोंगरात. नवरा मुंबईला कुठल्याशा कारखान्यात, शिमग्याला आणि गणपतीला घरी येणारा. घरात सासू आणि ती. आणि पहिली मुलगी. ही मुलगी माहेरी झालेली, आणि आदल्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, सासरी आलेली. तक्त्यावर जन्ममहिना जानेवारी. अक्षर माझं.

नोव्हेंबरात मी वजनाच्या दिवशी त्या अंगणवाडीत होते. ताणकाटा वाशाला टांगलेला, झोळी अडकवून काटा शून्यावर आणलेला. तिनं मुलीला झोळीत बसवलं. सात किलो. सेविकेनं टिंब दिलं. पहिल्या श्रेणीत पडलं.

ती बाई गेली नाही. रांगेतल्या सगळ्या बायका गेल्यावर माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, पोर अंगाला लागत नाय ओ. पेज भरवते, दूध हाय ते पाजते. आधी अशी नव्हती."

तिच्या बोलण्याला समुद्राकडचा हेल होता, वाडीतल्या बायकांपेक्षा निराळा. मला तो ऐकू आला, आणि तरीही मी तिला कुठली, काय, हे विचारलं नाही. मी तिला तक्ता दाखवला. "हे बघा, पहिल्या पट्ट्यात आहे. दहा महिन्यांच्या मुलीला सात किलो म्हणजे फार वाईट नाही. काळजी करू नका."

"दहा?" ती म्हणाली.

मागून सासूनं हाक मारली, "काय गो, येतंस काय? ताई बोलल्या ना, बरी हाय म्हणून?" आणि ती गेली. हे 'दहा?' मी ऐकलं होतं. ऐकून मी पुढचा तक्ता उचलला होता, कारण एसटी चुकली असती तर रात्रीच्या वस्तीच्या गाडीपर्यंत फाट्यावर बसावं लागलं असतं.

जानेवारीत ती पुन्हा आली. टिंब दुसऱ्या श्रेणीत गेलं होतं. मुलीला मधूनमधून जुलाब होत होते. तिनं काही बोलायच्या आत सासूच म्हणाली, "ताई, हिला सांगा वायच. रोज रडते. मी बोलते, कागदावर पोर बरी हाय, तू कशापायी जीव खातेस? हिला दाभोळला जायचं हाय, दुसरं काय नाय."

सासू दुष्ट नव्हती. दोन मुलं लहानपणी गेलेली बाई होती ती. छापील कागदावर तिचा विश्वास बसला होता, आणि तो आम्हीच बसवला होता. मी सुनेला म्हटलं, "दुसरी श्रेणी म्हणजे लक्ष ठेवायचं. दवाखान्यात न्यावं लागतं ते तिसरीला." ती बाई मुलीला खांद्यावर टाकून उतरणीला लागली. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातून एक डॉक्टर सर्वेक्षणाला आले. पन्नाशीचे, बारीक, खेकसून बोलणारे. बरोबर एक लाकडी पाटी होती, एका टोकाला उभी फळी, दुसऱ्या टोकाला सरकती फळी. दोन वर्षांखालचं मूल तिच्यावर निजवून लांबी मोजायची, दोन वर्षांवरचं उभं करून उंची. डॉक्टरांना हाताखाली माणूस हवं होतं, म्हणून आठ दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडले. खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मी जूनपासून बोलले नव्हते एवढं बोलले.

ते एका झाडाखाली बसून मला शिकवायचे. "तुमचा तक्ता टक्क्यांवर चालतो. टक्के फसवतात. मुलांची वजनं एका मध्याभोवती पसरलेली असतात. किती पसरलेली, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याला पाऊल म्हणा. मुलाचं वजन घ्या, त्यातून मध्यक, म्हणजे तसल्या मुलांचं मधलं वजन, वजा करा, उत्तराला एका पावलाच्या मापानं भागा. आला तुमचा झेड-स्कोअर. शून्य म्हणजे मूल बरोबर मधे. उणे दोनच्या खाली गेलं की काळजी, उणे तीनच्या खाली गेलं की धोका."

मग तीन बोटं धरली. "वयाच्या मानानं वजन उणे दोनच्या खाली, तर कमी वजनाचं मूल. वयाच्या मानानं उंची उणे दोनच्या खाली, तर खुजं. म्हणजे पुष्कळ दिवसांचं उपाशीपण, आजारपण. उंचीच्या मानानं वजन उणे दोनच्या खाली, तर कृश. म्हणजे आत्ता, या महिन्या-दोन महिन्यांत काहीतरी अंग ओरबाडून नेतंय. तुमचा तक्ता पहिलंच बोट दाखवतो. खुजं कोण आणि कृश कोण, हे तो सांगत नाही."

मला गणित आवडायचं. रोज संध्याकाळी खोलीवर मी त्यांच्या कोष्टकांवरून आकडे काढायची, आणि दुसऱ्या दिवशी ते तपासायचे. एकही चुकला नाही. परत तोच गर्व.

पाचव्या दिवशी आम्ही त्या वाडीवर गेलो.

ती बाई मुलीला घेऊन आली. पाटीवर निजवल्यावर मुलं टाहो फोडतात. एकानं डोकं फळीला धरायचं, दुसऱ्यानं गुडघे दाबून फळी पायांना भिडवायची, अशी झटापट असते. ही मुलगी रडली नाही. पाटीवर ठेवली तशी राहिली, वर फणसाच्या पानांकडे बघत. मी तिचे गुडघे दाबले तेव्हा माझ्या हाताला काही लागलंच नाही. मांडीची कातडी सैल पडलेली. मी तिला आजवर झबल्यासकटच बघितलं होतं. आज पहिल्यांदा झबलं काढलेलं होतं.

लांबी चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. वजन सहा किलो आठशे.

डॉक्टरांनी कोष्टकात बोट फिरवलं. चौऱ्याहत्तर सेंटीमीटरच्या मुलीचं मध्यक वजन नऊ किलो चारशे. एक पाऊल साधारण आठशे ग्रॅमचं. ते मला म्हणाले, "काढा."

नऊ चारशेतून सहा आठशे गेले, राहिले दोन किलो सहाशे. भागिले आठशे. तीनहून जास्त. उणे. मी आकडा मोठ्यानं सांगितला आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

"आता लांबी. वय?"

"तेरा महिने."

"तेरा महिन्यांना चौऱ्याहत्तर म्हणजे उणे अर्धा. उत्तम." त्यांनी चष्मा वर केला. "लांबी इतकी चांगली आणि अंगावर मांस नाही. असं होऊ शकतं. मोठा आजार आला असेल. नाहीतर तुमचं वय खोटं आहे. उंचीला वजन लावताना वय विचारावं लागत नाही. म्हणून ते आकडे खोटं बोलत नाहीत." मग त्यांनी तिचा तक्ता मागितला. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि आजचं, अशी चार टिंबं. त्यांनी पेन्सिलीनं ती जोडली. रेघ आधी सपाट आणि मग खाली उतरत गेलेली. "वय चुकलं तर ही सगळी रेघ डावीकडे सरकते. पण तिचा उतार बदलत नाही. तीन महिने पोर वाढलेली नाही, हे इथे लिहिलंय. कोणी वाचलं नाही?"

टिंबं देताना आम्ही कधी ती जोडलीच नव्हती. टिंब कुठल्या पट्ट्यात एवढंच बघायचं आणि पुढच्या मुलाकडे वळायचं.

मी त्या बाईजवळ जाऊन बसले. तिला विचारलं, "ही कधी झाली? महिना आठवतो?"

तिनं आधी सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. बंदरावर नारळ सोडून बाबा घरी आले आणि माझ्या पोटात कळ आली."

श्रावण. म्हणजे ऑगस्ट. संक्रांतीनंतर आली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. आज अठरा महिन्यांची. सेविकेनं मान खाली घातली होती. ती मला त्या ऑक्टोबरातच सांगत होती.

अठरा महिन्यांनी पुन्हा मांडलं. चौऱ्याहत्तर सेंटीमीटर आता उणे दोनच्या खाली गेले: खुजी. वयाला वजन उणे साडेतीनच्या आसपास. आमच्या तक्त्याच्या टक्क्यांतही ती साठच्या खाली, तिसऱ्या श्रेणीत. उंचीला वजन होतं तिथेच राहिलं, उणे तीनच्या खाली. माझ्या सुंदर अक्षरानं मी तिच्या आयुष्यातले पाच महिने पुसले होते, आणि त्या खोडलेल्या जागेवर ती धडधाकट दिसत होती.

"तुम्ही का सांगितलं नाहीत?" मी तिला विचारलं. हा प्रश्न विचारताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती उत्तर ऐकल्यावर.

"कोणी इचारलंच नाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: रत्नागिरीच्या दवाखान्यात लगेच दाखल करा. सासूनं चिठ्ठी हातात घेतली आणि उलटी करून परत माझ्याच हातात दिली. "आमी नाय नेणार. गेल्या म्हयन्यात बरी व्हती, आता अचानक दवाखाना? शिमग्याला पोरगा येल, तो बघल." शिमगा तीन आठवडे लांब होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जुलाब चालू आहेत, पोर रडत नाहीये. तीन आठवडे ती काढेल असं मला वाटत नाही. गावातल्या माणसांशी बोलणं तुमचं काम आहे." आणि ते पुढच्या वाडीच्या वाटेला लागले.

मी त्यांच्यामागे गेले नाही. त्या सासू-सुनेच्या घरी गेले. वाट फार लांब नव्हती, पण मी ती फार सावकाश चालले. मनात सगळ्या पळवाटा येऊन गेल्या. सेविकेनं चूक केली म्हणता येत होतं. मागच्या मुख्यसेविकेवर ढकलता येत होतं. ती बदलून गेलेलीच होती. मुलगी अचानक आजारी झाली, असं तर सगळ्यात सोपं. खरं सांगितलं असतं तर त्या वाडीत माझ्या कागदावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता, आणि मला तिथे कागदाशिवाय दुसरं होतं काय?

सासू खळ्यात कुळीथ पाखडत होती. सून ओट्याच्या कडेला, मांडीवर मुलगी. मी उभ्यानंच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"आजी, तो कागद चुकीचा आहे. मी चुकीचा लिहिलाय. तुमची सून दोनदा मला सांगायला आली की पोर बरी नाही. तिचं खरं होतं. माझं खोटं होतं. मुलगी कितव्या महिन्याची हे मी विचारलं नाही, ती इथे आली ती तारीख लिहून टाकली. म्हणून ती बरी दिसली. ती बरी नव्हती. नोव्हेंबरापासून नाही."

सासूच्या हातातलं सूप थांबलं. मग ती इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या घरातून बायका बाहेर आल्या. "म्हंजे मी हिला चार म्हयने उगाच बोलले? तुमच्या कागदापायी? माझी दोन पोरं गेली तवा कागद नव्हता, आता कागद हाय तर तो पण खोटा?" तिनं मला पुष्कळ बोलून घेतलं. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. बोलून झाल्यावर तिनं सूप भिंतीला लावलं, आत गेली, आणि बाहेर आली ती धुवट नेसून, हातात एक गाठोडं घेऊन. सुनेला म्हणाली, "ऊठ गो. गाडी चुकंल."

आम्ही चौघी एसटीनं रत्नागिरीला गेलो. मुलगी दाखल झाली. दवाखान्यात कागद भरताना कारकुनानं जन्मतारीख विचारली. मी तोंड उघडायच्या आत तिच्या आईनंच सांगितली.

पुढचा महिना मी वीसच्या वीस अंगणवाड्या पुन्हा पालथ्या घातल्या. पहिलटकरणींच्या घरी जायचं, विचारायचं: पोर माहेरी झालं ना? तेव्हा तिकडे काय होतं? भातकापणी होती का? गौरी बसल्या होत्या का? बायका आठवून आठवून सांगायच्या, सांगताना त्यांचे चेहरे बदलायचे. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "हिच्या म्हायेरचं एवढं तर आमी पण कंदी इचारलं नाय." मी तक्त्यांवरचं माझं छापील अक्षर लाल शाईनं खोडत गेले. तिसऱ्या श्रेणीत आणखी नावं आली. अधिकाऱ्यांनी तो अहवाल बघितला आणि बराच वेळ पेन वाजवत बसले. "आकडा वाढला हो," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझ्या वह्यांचं कौतुक झालं नाही. कचेरीत आधीच माझ्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं; आता डबा खायलासुद्धा मी माझ्या टेबलावरच बसायला लागले. सुटीच्या दिवशी खोलीत पडून राहायची आणि छतावरची कौलं मोजायची.

मुलगी वाचली. तीन आठवडे दवाखान्यात होती, थोडंथोडं दर दोन-तीन तासांनी भरवत, जुलाबही थांबले. घरी आल्यावर दुप्पट सुकडी, आणि सासूनं पेजेत तूप आणि नाचणी घालायला सुरुवात केली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी वाडीवर गेले. आकाश भरून आलं होतं, घराघरांत लाकडं आत घ्यायची घाई चालली होती. डॉक्टरांनी पाटी आमच्याकडेच ठेवली होती. मुलीला पाटीवर निजवलं, तर तिनं असा टाहो फोडला आणि मला अशी लाथ मारली की मी हसायलाच लागले. वजन आठ किलो सहाशे. लांबी साडेपंचाहत्तर. मी तिथेच मांडी घालून हिशेब केला. उंचीला वजन: उणे सव्वाच्या आसपास. कृशपणा गेला होता.

"बरी हाय ना?" तिच्या आईनं विचारलं.

"बरी आहे. वजन छान भरलंय."

"आणि लांबी? ती त्या दिवशी कमी बोललात."

मला खोटं बोलता आलं असतं. "ती कमीच आहे अजून. वजन लवकर भरून येतं. उंची जी राहिली ती भरून यायला फार दिवस लागतात. सगळी येईलच असं नाही."

"त्या चार म्हयन्यांतली?"

"सगळी त्या चार महिन्यांतली नाही. पण त्यातलीही आहे."

मुलगी रांगत जाऊन झोळी ओढत होती. मी सामान आवरायला लागले. मला वाटलं, आता ही उठेल आणि जाईल, आणि तेच बरोबर होईल. तिनं मला माफ करावं, असं मला वाटतही नव्हतं.

ती उठली नाही. तिनं विचारलं, "ताई, तुमी इकडं कंदी आलात?"

"गेल्या जूनमध्ये. वर्ष होईल आता."

"ती तुमची दाखल तारीख," ती म्हणाली. ती हसत नव्हती. "त्याच्या आधीचं?"

मला कळलंच नाही काय म्हणते ते. तिनं माझ्याकडे बघितलं, मी त्या महिनाभर वाडीवाडीवर बायकांकडे बघायची तसं, आणि माझाच प्रश्न मला विचारला. "तुमी कुठल्या सणाला झालात? तुमच्याकडं तवा काय व्हतं?"

मी ताणकाटा हातात धरून तशीच उभी राहिले. वर्षभरात त्या तालुक्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. आई गेल्यापासून हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

"बेंदराच्या आदल्या दिवशी," मी म्हटलं. "आमच्याकडं तेव्हा बैलांची शिंगं रंगवतात. आई सांगायची, वडील रंगाचेच हात घेऊन मला बघायला आले, आणि माझ्या दुपट्याला हिरवी बोटं उठली."

"मग?" ती म्हणाली आणि जवळ सरकून बसली.

मी काटा खाली ठेवला. गाडीला अजून वेळ होता. नव्हता खरं तर, पण मी बसले.